‘ठीक चाललंय’ एवढ्यावर चार महिने: प्रोबेशनमधल्या चिंतेचं एक प्रकरण

ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. कामाचं स्वरूप, चिंतेची चाल आणि उपाय मात्र जसे घडले तसेच ठेवले आहेत.

त्या बाई माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या तेव्हा सहा महिन्यांच्या प्रोबेशनचा चौथा महिना संपत आला होता. वय तिशीच्या आत, आधीच्या नोकरीत काही वर्षांचा चांगला अनुभव, आणि आता एका मध्यम आकाराच्या कंपनीच्या हिशोब विभागात नवी जागा. पुरवठादारांची बिलं आणि त्यांना गेलेले पैसे यांचा ताळमेळ लावायचा, अडकलेल्या बिलांची कारणं शोधायची आणि दर महिन्याच्या सुरुवातीला थकीत बिलांचा रिपोर्ट मॅनेजरला द्यायचा, असं त्यांचं काम होतं.

पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, “मला कन्फर्म करणार नाहीत. ठरलंय त्यांचं, फक्त सांगत नाहीयेत.” कशावरून, असं विचारल्यावर त्यांनी जे सांगितलं ते सगळं बारकाईने टिपलेलं होतं. मॅनेजर सहकाऱ्याच्या मेलला ‘छान’ असं उत्तर देतात, यांच्या मेलला नुसतं ‘मिळालं’. तिमाही हिशोब बंद करण्याचं काम त्यांच्यानंतर रुजू झालेल्या मुलाला दिलं. एका मीटिंगमध्ये त्या बोलत असताना मॅनेजर फोन बघत होते. पहिल्या महिन्यानंतर एकदा धीर करून “माझं काम कसं चाललंय, सर?” असं विचारलं, तर चालता चालता उत्तर आलं, “ठीक चाललंय.” हे दोन शब्द त्यांनी पुढचे तीन महिने उलटसुलट करून पाहिले होते.

झोप पहाटे चारच्या सुमाराला मोडायची आणि मग डोक्यात मेलमधली वाक्यं फिरायची. सुट्टीच्या दिवशीही दर थोड्या वेळाने फोनवर मेल उघडून बघितला जायचा. जेवण कमी झालं होतं, पण घरच्यांशी संबंध, आरोग्य, पैसा याबद्दल अशी काळजी नव्हती. निदानाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. सर्वसाधारण चिंताविकार म्हणायला निदान सहा महिने, बहुतेक दिवस आणि एकाहून अधिक विषयांवरची आवरता न येणारी काळजी लागते. इथे काळजी एकाच गोष्टीला चिकटलेली होती, त्या गोष्टीबरोबरच सुरू झाली होती, आणि आधीच्या आयुष्यात अशी चाल दिसत नव्हती. म्हणून मी विकाराचं नाव लावलं नाही. झोप अशीच राहिली किंवा छातीत धडधड, घाबरं होणं सुरू झालं तर डॉक्टरांकडे जायचं, एवढं पहिल्याच दिवशी ठरवून घेतलं.

न कळण्याचा ताण

त्यांचा एक प्रश्न मला फार योग्य वाटला. “सरळ ‘नाही’ म्हणाले असते तरी मी इतकी खचले नसते. असं का?”

याचं उत्तर प्रयोगशाळेत बऱ्यापैकी स्पष्ट दिसलं आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 2016 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. 45 जणांना पडद्यावरच्या दगडाखाली साप आहे की नाही, याचा अंदाज करायचा होता. साप निघाला की हाताला थोडा वेदनादायक विजेचा झटका बसायचा. शक्यता सतत बदलत राहायची. घाम, डोळ्यांच्या बाहुल्या आणि लोकांनी स्वतः सांगितलेला ताण, हे सगळं मोजलं गेलं. झटका नक्की बसणार हे माहीत असताना ताण सर्वांत जास्त नव्हता. तो सर्वांत जास्त होता शक्यता अर्धी-अर्धी असताना.

प्रोबेशनची मुदत प्रयोगातल्या काही सेकंदांपेक्षा कितीतरी लांब असते आणि झटक्याची नोकरीशी तुलना पूर्ण जुळत नाही. तरी या बाईंना त्यातून एक गोष्ट कळली. चिंता वाढते आहे याचा अर्थ धोका वाढतो आहे असा होत नाही. माहिती नसताना चिंता वाढतेच. पहाटे चारला वाटणारी खात्री त्या पुरावा म्हणून धरत होत्या, ते इथे थांबायला सुरुवात झाली.

तीन रकाने

पहिलं काम मी दिलं ते लिहिण्याचं. कागदावर तीन रकाने आखायचे. पहिल्यात काय घडलं ते, कॅमेऱ्याने टिपावं तसं. दुसऱ्यात त्यावरून मी काय निष्कर्ष काढला. तिसऱ्यात, हेच घडायला आणखी कोणती कारणं असू शकतात, आणि त्यातलं खरं कोणतं हे कुणाला माहीत असेल.

तिमाही कामाची नोंद अशी झाली. घडलं ते: मॅनेजरनी टीमच्या मीटिंगमध्ये ते काम सहकाऱ्याला दिलं, कारण सांगितलं नाही. निष्कर्ष: मी तोवर इथे नसणार. इतर कारणं: त्याला ते काम आधी येत असेल, माझ्याकडे आधीच भरपूर काम आहे असं वाटलं असेल, किंवा खरंच माझ्याबद्दल शंका असेल. कुणाला माहीत: फक्त मॅनेजरना.

पहिल्या आठवड्याची पानं एकत्र पाहिली तेव्हा तिसऱ्या रकान्यात जवळजवळ प्रत्येक ओळीला ‘फक्त मॅनेजरना’ हेच आलं होतं. त्यांची सगळी मेहनत अशा ठिकाणी चालली होती जिथे उत्तर सापडणारच नव्हतं. नोकरीच्या ठिकाणी माणूस आपल्याबद्दलची माहिती दोन मार्गांनी गोळा करतो, असं सुसान अॅशफर्ड आणि एल. एल. कमिंग्ज यांनी 1983 मध्ये मांडलं होतं: एक, आजूबाजूच्या खुणा वाचून, दोन, थेट विचारून. विचारण्यात आपलं कमीपण उघडं पडण्याची भीती असते, म्हणून माणूस खुणांकडे वळतो. प्रोबेशनमध्ये ही भीती दुप्पट, कारण ज्याला विचारायचं तोच निर्णय घेणार असतो. पण खुणा वाचण्यात चुकीचा अर्थ लागण्याचा धोका मोठा, आणि घाबरलेला माणूस एकाच बाजूने चुकतो.

सगळ्या खुणा सारख्या वजनाच्या नसतात, हेही इथे बोलावं लागलं. छोटं उत्तर, मीटिंगमधला फोन, कौतुकाचा अभाव यांना वजन जवळपास नाही. कारण सांगून काम काढून घेणं, तीच चूक पुन्हा झाल्याचं लेखी येणं, सुधारणेसाठी मुदत दिली जाणं, नेहमीच्या बोलण्याला अचानक एचआरचा माणूस हजर असणं, यांना वजन आहे आणि ते चिंता म्हणून झटकू नये. त्यांच्या पानांवर दुसऱ्या प्रकारातलं काहीच नव्हतं. तिमाही काम मधल्या जागेवर होतं: वजन असू शकेल, पण कारण कळल्याशिवाय नाही.

अपॉइंटमेंट लेटर

पुढच्या भेटीला मी त्यांना अपॉइंटमेंट लेटर आणायला सांगितलं. रुजू होताना सही केल्यानंतर त्यांनी ते उघडलंच नव्हतं. मला हे वारंवार दिसतं, आणि वाईट वाटतं, कारण अर्ध्या प्रश्नांची उत्तरं त्याच पानांवर असतात.

त्यांच्या पत्रात चार गोष्टी होत्या. प्रोबेशन सहा महिन्यांचं. कंपनी ते जास्तीत जास्त तीन महिने वाढवू शकते. कन्फर्मेशन लेखी कळवलं जाईल आणि तोवर प्रोबेशन चालू आहे असं समजावं. या काळात नोटीस पिरियड पंधरा दिवसांचा, दोन्ही बाजूंनी. म्हणजे सहा महिने संपले की आपोआप कायम, असं इथे नव्हतं. मुदतीच्या शेवटच्या दिवशी काहीच आलं नाही तरी त्याचा अर्थ नकार नव्हता. प्रत्येक पत्रात हे वेगळं असतं आणि जिथे नोकरी आहे तिथला कायदाही त्यात येतो, त्यामुळे दुसऱ्याच्या पत्रावरून आपला अंदाज बांधू नये.

या वाचनातून आणखी एक गोष्ट समोर आली. त्यांच्या मनात निकाल दोनच होते, कायम किंवा बाहेर. मुदतवाढ हा तिसरा निकाल त्यांनी कधी धरलाच नव्हता, आणि तोच बऱ्यापैकी संभवनीय होता.

नोटीस पंधरा दिवसांची आहे हे कळल्यावर त्या गप्प झाल्या. त्या दिवशी आम्ही ‘नाही’ म्हटलं गेलं तर काय, याचं उत्तर टाळलं नाही. साठवलेल्या पैशांत किती महिने निघतात, बायोडेटा किती जुना आहे, आधीच्या नोकरीतल्या कोणाला विचारता येईल, मुलाखतीत हा काळ कसा सांगायचा, हे सगळं एका पानावर उतरवलं. चार महिने निभतील असा हिशोब निघाला. त्या पहाटेच्या विचारांत ‘सगळं संपेल’ असं जे वाक्य यायचं, त्याच्यासमोर आता एक आकडा होता.

भीती लपवण्याचा खर्च

आता मी त्यांच्या वागण्याकडे वळले. काढतील या भीतीने त्या काय काय करत होत्या? यादी त्यांनीच केली. प्रत्येक मेल पाठवण्याआधी पाच-सहा वेळा वाचायचा. रिपोर्ट तयार झाला तरी पुन्हा पहिल्या ओळीपासून तपासायचा. मॅनेजर निघाल्याशिवाय उठायचं नाही. शंका आली तर विचारायचं नाही, स्वतः शोधायचं, कितीही वेळ लागला तरी. मीटिंगमध्ये विचारल्याशिवाय बोलायचं नाही.

चिंतेवर काम करणारे याला सुरक्षिततेसाठीचं वागणं म्हणतात. क्षणभर बरं वाटतं, पण भीती खरी होती की नाही हे कळण्याची संधीच जाते. प्रोबेशनमध्ये याचा आणखी एक तोटा आहे, आणि माझ्या मते या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं तेच आहे. मॅनेजरकडेही या कर्मचाऱ्याबद्दल फारशी माहिती नसते. त्यालाही खुणाच वाचाव्या लागतात. आणि भीतीपोटी केलेलं वागणं हीच त्याच्यापर्यंत पोचणारी मुख्य खूण ठरते. उशिरापर्यंत बसणं यांना निष्ठा वाटत होती. पलीकडून ते काम झेपत नसल्यासारखं दिसू शकत होतं. प्रश्न न विचारणं यांना हुशारी वाटत होती. पलीकडून ते रस नसल्यासारखं वाटू शकत होतं. हा तेव्हा माझा अंदाज होता. मी तो अंदाज म्हणूनच त्यांच्यासमोर ठेवला.

आम्ही एक वागणं निवडून छोटा प्रयोग केला. आतल्या टीमला जाणारे साधे मेल एकदाच वाचून पाठवायचे. पाठवण्याआधी लिहायचं: काय बिघडेल आणि त्याची खात्री किती टक्के. आठवड्याने पाहायचं. त्यांनी चूक निघून कोणी बोलेल याची खात्री सत्तर टक्के लिहिली होती. एका मेलमध्ये जोडायची फाइल राहिली, सहकाऱ्याने विचारलं, त्यांनी पाठवली, विषय संपला. रकमांच्या तपासणीला आम्ही हात लावला नाही. हिशोबाच्या कामात दोनदा तपासणं ही कामाची गरज आहे. तिसऱ्या आणि चौथ्या वेळेला मात्र नवीन चूक सापडत नव्हती, हे त्यांनी स्वतः नोंदवून पाहिलं आणि मग तिथेच थांबल्या.

पहाटेच्या काळजीसाठी जुनी पण कामाची पद्धत वापरली. थॉमस बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये ती मांडली. काळजीसाठी रोज एक ठरावीक वेळ आणि जागा ठेवायची, एरवी काळजी आली की नोंद करून त्या वेळेवर ढकलायची. त्यांनी संध्याकाळची वीस मिनिटं ठेवली, झोपायच्या खोलीबाहेर. नोंदीतल्या ज्या गोष्टीवर उद्या काही करता येईल त्यापुढे कृती लिहायची, बाकीच्या तशाच सोडायच्या. पहिले काही दिवस विशेष फरक नव्हता. नंतर जाग येणं थांबलं नाही, पण पुन्हा झोप लागायला लागली.

विचारायचं कसं

हे सगळं तयारीचं होतं. माहिती मॅनेजरकडे होती आणि ती तिथूनच आणायची होती.

“माझं काम कसं चाललंय?” या प्रश्नाला ‘ठीक’ असंच उत्तर येतं. प्रश्न मोठा आहे, अचानक आलेला आहे, आणि ऐकणाऱ्याला त्यात समोरच्याला दिलासा हवाय हे कळतं. त्यात माणसं अप्रिय गोष्ट सांगायला मुळातच टाळाटाळ करतात. सिडनी रोझेन आणि अब्राहम टेसर यांनी 1970 मध्ये ही प्रवृत्ती प्रयोगात दाखवली होती. त्यामुळे ‘ठीक’ म्हणजे सगळं चांगलं असं नाही, आणि सगळं वाईट असंही नाही.

आम्ही प्रश्न बदलला. मेलवर पंधरा मिनिटं मागायची, विषय आधी कळवायचा, आणि प्रश्न कामाच्या एका तुकड्यावर ठेवायचा. त्यांनी पाठवलेला मेल असा होता:

“सर, माझं प्रोबेशन लवकरच संपतंय. त्याआधी कुठे सुधारणा हवी हे मला वेळेत कळावं असं वाटतं. या आठवड्यात पंधरा मिनिटं मिळतील का? मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत: थकीत बिलांच्या रिपोर्टमध्ये तुम्हाला काय वेगळं हवंय, कन्फर्मेशन ठरवताना तुम्ही काय बघता, आणि आज निर्णय घ्यायचा असता तर कोणती गोष्ट आड आली असती.”

तिसऱ्या प्रश्नाला त्या घाबरत होत्या. “त्यांच्या मनात नसेल ते मीच सुचवल्यासारखं होईल.” मी तो काढायला तयार नव्हते. बाकीच्या दोन प्रश्नांना गुळमुळीत उत्तर देता येतं. या प्रश्नाला एखादी गोष्ट सांगावी लागते, आणि सांगायला परवानगीही मिळते.

दोन दिवस उत्तर आलं नाही. ते दोन दिवस कठीण गेले. मॅनेजर बाहेरगावी होते. परतल्यावर स्वतःच बोलावलं.

भेटीत जे निघालं ते त्यांनी लगेच लिहून काढलं होतं. मॅनेजर म्हणाले, “तुझ्या आकड्यांबद्दल मला शंका नाही. पण रिपोर्ट रात्री अकराला येतो. माझी वरच्यांबरोबरची मीटिंग त्याच दिवशी दुपारी असते. मी तुझा रिपोर्ट वापरूच शकत नाही, मागच्या महिन्याचाच नेतो.” हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. कामाच्या यादीत फक्त ‘तीन तारीख’ लिहिलं होतं. तिमाही कामाबद्दल विचारल्यावर उत्तर आलं, “तू रोज उशिरापर्यंत बसलेली दिसतेस. आणखी काम द्यायचं कसं? आणि अडचण कुठे येते ते तू कधी बोलत नाहीस.”

रिपोर्ट दुपारी तयार असायचा. उरलेले तास पुन्हा पुन्हा तपासण्यात जात होते.

मॅनेजरची बाजू इथे निर्दोष नाही, आणि मी ते त्यांनाही सांगितलं. चार महिने न वापरता येणारा रिपोर्ट घेत राहणं आणि वेळ न सांगणं ही त्याची चूक होती. कंपनीत प्रोबेशनच्या मध्याला भेट घ्यायची पद्धतच नव्हती. समुपदेशनाने ते बदलत नाही. पण कन्फर्मेशनआधी अजून थोडा वेळ हातात होता, आणि आता करायचं काय ते ठाऊक होतं.

त्याच संध्याकाळी त्यांनी आभाराचा छोटा मेल पाठवला आणि त्यात ठरलेलं लिहिलं: रिपोर्ट तीन तारखेला दुपारी बारापर्यंत, अडलेल्या बिलांची यादी दर शुक्रवारी, आणि पुढच्या महिन्याच्या मध्यावर पुन्हा पंधरा मिनिटं. असा मेल पुढे कामाला येतो. मॅनेजर बदलला, विसरला किंवा नंतर वेगळं म्हणाला तर काय मागितलं होतं हे दाखवता येतं.

निकाल

पुढचा रिपोर्ट बाराच्या आधी गेला. त्यात पुरवठादाराच्या नावात एक चूक राहिली, मॅनेजरनी फोन करून ती दुरुस्त करून घेतली आणि रिपोर्ट मीटिंगला नेला. त्यांच्या नोंदवहीत त्या दिवशी चिंतेचा आकडा दहापैकी आठ होता, दुसऱ्या दिवशी तीन. शुक्रवारच्या यादीमुळे आणखी एक गोष्ट उघड झाली: काही बिलं खरेदी विभागाच्या सहीसाठी अडकत होती आणि हे कुणालाच एकत्र दिसत नव्हतं.

सहा महिने संपताना प्रोबेशन दोन महिन्यांनी वाढलं. पत्रात कारण होतं: वेळेवर रिपोर्ट देण्यात झालेली सुधारणा आणखी काही काळ पाहायची आहे. ज्याची भीती होती ते काही अंशी खरं ठरलं, आणि त्या मला फोनवर तेच म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःच तीन रकाने मांडले. घडलं ते: मुदत वाढली, कारण लेखी आहे, कारण एकच आहे. त्या रात्री झोप लागली नाही; दुसऱ्या रात्री लागली.

वाढीव मुदत संपली तरी कन्फर्मेशनचं पत्र आलं नाही. पूर्वी त्यांनी या गप्पपणाचा अर्थ लावत आठवडे काढले असते. या वेळी चौथ्या दिवशी त्यांनी एचआरला दोन ओळींचा मेल लिहिला: मुदत अमुक तारखेला संपली आहे, पत्र कधीपर्यंत अपेक्षित धरू? उत्तर आलं की सही व्हायची राहिली आहे. पत्र पुढच्या आठवड्यात मिळालं.

मॅनेजर आजही स्वतःहून काही सांगत नाहीत. रिपोर्टच्या मेलच्या शेवटी या बाई दर महिन्याला एक ओळ लिहितात: “पुढच्या वेळी यात काय बदलू?” कधी उत्तर येतं, कधी येत नाही.